सोलर, पवनचक्की की जनरेटर: युनिटचा खरा दर कसा काढायचा

प्रश्न: पेडणे तालुक्यात किनाऱ्यालगत आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. वीज वारंवार जाते म्हणून २५ केव्हीएचा जनरेटर घेतलाय, पण डिझेलचा खर्च झेपत नाही. सोलरवाला म्हणतो, ५.५ लाखांत १० किलोवॅट बसवतो, युनिट १ रुपया ६३ पैशांना पडेल. दुसरा एकजण ५ किलोवॅटची पवनचक्की ६.५ लाखांत देतोय, वर्षाला १२,००० युनिट मिळतील म्हणतो. तिन्हींची तुलना कशी करायची? आणि सोलर बसवला तर जनरेटर विकू का?

उत्तर: जनरेटर आत्ता विकू नका. त्याचं कारण पुढे येईलच. तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन प्रश्न आहेत. एक, कुठल्या यंत्रातून निघणारं युनिट किती रुपयांना पडतं. दोन, ते युनिट तुम्हाला हवं त्या वेळी मिळतं का. बहुतेक लोक पहिल्याचं उत्तर काढून त्यावरच दुसऱ्याचा निर्णय घेतात आणि तिथेच फसतात. मी फोंड्याला राहतो आणि वीस-बावीस वर्षं गोव्यात छोटी हॉटेलं, काजूचे कारखाने, बर्फाचे कारखाने यांच्या विजेचे हिशोब करतोय. तोच अनुभव इथे मांडतो.

आधी ते १ रुपया ६३ पैसे कुठून आले ते पाहू. गोव्यात चांगल्या, सावली नसलेल्या छपरावर एक किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १,३५० ते १,४५० युनिट देतो. सोलरवाल्याने १,३५० धरले असावेत. दहा किलोवॅटचे वर्षाला १३,५००, पंचवीस वर्षांचे ३,३७,५००. साडेपाच लाखांना याने भागा, १.६३ येतात. भागाकारात काही चूक नाही. चूक अशी की आज खिशातून जाणारा रुपया आणि विसाव्या वर्षी मिळणारं युनिट एकाच तागडीत घातलंय.

साडेपाच लाख तुम्ही आज देणार. बँकेकडून घेतलेत तर व्याज भराल, स्वतःचे घातलेत तर ते दुसरीकडे कमावू शकले असते ते बुडेल. दहा टक्के दर धरला तर एक वर्षानंतर मिळणाऱ्या ११० रुपयांची आजची किंमत १००. बारा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ३२. भविष्यातला पैसा असा आजच्या किमतीत आणण्याला वटाव म्हणतात, जुन्या हुंडीच्या व्यवहारात वापरायचे तोच शब्द. यंत्राच्या आयुष्यातला सगळा खर्च असा आजच्या किमतीत आणायचा, मिळणारे सगळे युनिटही तसेच आणायचे आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. येतो तो एलसीओई, म्हणजे लेव्हलाइज्ड कॉस्ट. हा असा एकच दर आहे की आयुष्यभर प्रत्येक युनिट त्या भावाने विकलं तर सगळा खर्च आणि त्यावरचं व्याज बरोब्बर वसूल होतं.

इथे हमखास विचारलं जातं, की पैशाला वटाव समजला, युनिटला कसला वटाव? वीज काय व्याजाने वाढते? वीज वाढत नाही, पण तिची कमाई उशिरा येते. समजा प्रत्येक युनिटचा दर ‘द’ धरला. पहिल्या वर्षी १३,५०० गुणिले ‘द’ इतके रुपये वाचतील, दहाव्या वर्षी त्या वर्षीचे युनिट गुणिले ‘द’. हे रुपये आहेत, म्हणून त्यांना वटाव लागणारच. ‘द’ सगळीकडे सारखाच असल्यामुळे तो कंसाबाहेर काढला की आत उरतात ते वटावलेले युनिट. म्हणून भाजकातही वटाव.

आता तुमच्या सोलरचा हिशोब. आज ५,५०,००० रुपये. पॅनल धुणं, नट-बोल्ट बघणं, एखादी केबल बदलणं यासाठी वर्षाला ८,००० धरतो. दहा टक्के दराने पंचवीस वर्षांच्या या खर्चाची आजची किंमत होते सुमारे ७२,६००. बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलावा लागेल असं धरू. किनाऱ्यावर पंचवीस वर्षं एकच इन्व्हर्टर टिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याचे ८०,००० आजच्या किमतीत २५,५००. एकूण ६,४८,१००. युनिटच्या बाजूला पहिल्या वर्षी १३,५०० आणि पॅनल जुनी होतात तसे दरवर्षी ०.७ टक्के कमी. हे सगळे वटावून बेरीज येते १,१६,४००. भागाकार ५ रुपये ५७ पैसे. सोलरवाल्याच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त, आणि यात त्याने सांगितलेली किंमत किंवा युनिट मी बदललेले नाहीत.

हे एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. B2 मध्ये आजचा खर्च, B3 ते B27 मध्ये वर्षनिहाय खर्च, C3 ते C27 मध्ये वर्षनिहाय युनिट भरा आणि हे लिहा:

```
=(B2+NPV(10%,B3:B27))/NPV(10%,C3:C27)
```

B2 कंसात `NPV` च्या बाहेर आहे ते मुद्दाम. `NPV` आपल्या पहिल्या खान्याला एक वर्षानंतरचा खर्च समजतं. आज दिलेला पैसा त्याच्या आत घातला तर त्यालाही एक वर्षाचा वटाव बसतो आणि उत्तर ५.५७ ऐवजी ५.०६ येतं. दुसरी चूक मला दर दोन-तीन कोटेशनांमागे एकदा दिसते. खर्चाला वटाव लावलेला असतो आणि युनिट नुसते बेरीज करून टाकलेले असतात. त्याने तुमचा दर २ रुपये ९ पैसे येईल. कोटेशनमध्ये ‘वटावलेला खर्च’ असे शब्द दिसले तरी खाली भाजकात किती युनिट आहेत ते बघा. दहा किलोवॅटला तीन लाखांच्या आसपास आकडा दिसला तर युनिट वटावलेले नाहीत हे लगेच कळतं.

दहा टक्केच का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. कर्ज काढणार असाल तर बँकेचा दर, स्वतःचे पैसे असतील तर ते दुसरीकडे जे कमावतील तो दर. सोलरला हा दर फार झोंबतो, कारण त्याचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो. हाच हिशोब पाच टक्क्यांनी केला तर ५.५७ चे ४ रुपयांच्या किंचित खाली येतात. उलट डिझेलचा खर्च वापराल तसा होतो, त्यामुळे दर बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. दोन्हींना वेगवेगळा दर लावून कुणी तुलना दाखवत असेल तर ती बाजूला ठेवा.

महागाईचाही एक सापळा यात आहे. बँकेच्या दहा टक्क्यांत महागाई आधीच धरलेली असते. म्हणजे खर्चही महागाईसकट वाढवायला हवेत. मी वर देखभालीचे ८,००० पंचवीस वर्षं तेवढेच ठेवले, ते सोपं व्हावं म्हणून. दरवर्षी पाच टक्के वाढवले तर सोलरचा दर सुमारे ३० पैशांनी चढतो, फार नाही. पण डिझेलचा भाव पंधरा वर्षं स्थिर धरून त्याला दहा टक्क्यांचा वटाव लावलात तर डिझेल खऱ्यापेक्षा बरंच स्वस्त दिसेल. ही चूक डिझेलच्या बाजूला झुकणारी आहे हे लक्षात ठेवा. पुढचे आकडे मी आजच्या भावाने देतोय.

आता पवनचक्की. इथे किमतीपेक्षा १२,००० या आकड्यावर बोट ठेवायला हवं. पाच किलोवॅटचं यंत्र वर्षभर सलग पूर्ण क्षमतेने चाललं तर ४३,८०० युनिट देईल. १२,००० म्हणजे त्याच्या २७ टक्के. एवढं उत्पादन यायला यंत्राच्या उंचीवर वर्षाची सरासरी सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास वारा लागतो. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उघड्या, उंच माथ्यावर. पेडण्याच्या किनाऱ्यावर मृगापासून श्रावणापर्यंत वारा सुटतो हे खरं, पण बाकीचे महिने दुपारी समुद्रावरून येणारा वारा सोडला तर हवा पडलेली असते. रात्री तर माडाचं झावळंसुद्धा हलत नाही.

आणि वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सरासरी साडेपाचऐवजी चार मीटर निघाली तर वेग सत्तावीस टक्क्यांनी कमी झाला, पण ऊर्जा उरते फक्त ३८ टक्के. १२,००० चे झाले ४,६००. काणकोणला एका ओळखीच्या गृहस्थांनी माझ्या सांगण्यावरून आधी वारा मोजला. त्यांच्या भाटात बारा मीटरचा लोखंडी खांब उभा केला, टोकाला तीन वाट्यांचा वेगमापक आणि खाली डेटा लॉगर. वर्षभराची सरासरी चारच्याही खाली आली. खांबाच्या चारही बाजूंना माड होते. झाडांमागचा वारा नुसता कमी नसतो, तो गरागरा फिरतो, आणि असा वारा पाती व बेअरिंग दोन्ही खातो. साधा नियम असा की पात्याचं खालचं टोक शे-दीडशे मीटरांतल्या सर्वात उंच वस्तूच्याही नऊ-दहा मीटर वर हवं. वीस मीटरचे माड असतील तर मनोरा तीस मीटरच्या पुढे जातो, आणि साडेसहा लाखांत तो येत नाही.

तरी हिशोब करू. ६,५०,००० आज, खाऱ्या हवेमुळे देखभाल वर्षाला २०,०००, दहाव्या वर्षी पाती-बेअरिंग-कंट्रोलरसाठी एक लाख, आयुष्य वीस वर्षं. आजच्या किमतीत एकूण ८,५८,८००. विक्रेत्याच्या १२,००० युनिटांनी दर येतो ८ रुपये ४० पैसे. ४,६०० युनिटांनी येतो २२ रुपये. यंत्र तेच, किंमत तीच, फक्त वाऱ्याची सरासरी दीड मीटरने बदलली. म्हणून तुमच्याच जागेवर, त्याच उंचीवर वर्षभर मोजलेला वारा नसेल तर पवनचक्कीच्या एलसीओईला काही अर्थ उरत नाही. तुमच्या जागी मी हा विषय इथेच बंद करीन.

जनरेटरकडे वळू. तुमची वीज वर्षाला ३०० तास जाते आणि त्या वेळी सरासरी ८ किलोवॅट भार असतो असं धरतो, म्हणजे २,४०० युनिट. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला. २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅट, त्यावर ८ म्हणजे ४० टक्के भार. अशा भारावर एक लिटर डिझेलचे साधारण २.७ युनिट निघतात. तीन चतुर्थांश भारावर तीनच्या वर जातात. लिटरला ९० रुपये धरले तर नुसतं इंधन युनिटला ३३ रुपये. तेल, फिल्टर, बॅटरी यांचे वर्षाला २५,००० मिळवले की ४४. जनरेटर नवा घ्यायचा असता, साडेचार लाखांचा, पंधरा वर्षांचा, तर त्याचा वार्षिक हप्ता ५९,२०० धरून दर जातो ६८ रुपयांवर. हाच जनरेटर तीन चतुर्थांश भारावर चालून वर्षाला १३,५०० युनिट देत असता तर सगळं धरून ३५-३६ रुपये पडले असते. म्हणजे ‘डिझेलचा दर इतका’ असं म्हणताच येत नाही, तो किती तास आणि किती भारावर चालवता त्यावर ठरतो.

तुम्हाला ६८ लागू नाही. जनरेटरचे पैसे जाऊन चुकलेत, आता निर्णय घेताना ते हिशोबात येत नाहीत. देखभालीतलाही निम्मा भाग जनरेटर उभा असला तरी लागतोच. म्हणजे एक युनिट डिझेल वाचवलं तर खऱ्या अर्थाने वाचतात ३३ अधिक सुमारे ५, असे ३८ रुपये.

आता ५.५७ विरुद्ध ३८ पाहून सोलर घेतला की डिझेल बंद, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. नेट मीटरवर चालणारा साधा ऑनग्रिड सोलर वीज गेली की काही क्षणांत स्वतःहून बंद पडतो. तसा नियमच आहे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छपरावरून शॉक बसेल. भर दुपारी, लखलखीत उन्हात, पॅनल तापलेली आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा, हे दृश्य बघून चिडलेल्या ग्राहकांचे फोन मला दर मे महिन्यात येतात. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, पण ५.५ लाखांत ते नाही.

म्हणून सोलरच्या ५.५७ ची तुलना डिझेलशी करू नका. ती तुमच्या वीज बिलाशी करा. त्यातही बिलाची रक्कम भागिले युनिट असं नको. बिलातला स्थिर आकार सोलरनंतरही भरावाच लागतो. फक्त वरच्या स्लॅबचा युनिटमागचा ऊर्जा आकार आणि त्यावरचे अधिभार घ्या, कारण सोलर आधी वरचेच युनिट कापतो. होमस्टेचं कनेक्शन व्यावसायिक आहे की घरगुती यावर इथे सगळं फिरतं. तो आकडा ५.५७ च्या वर असेल तर सोलर घ्या, खाली असेल तर घाई नको. छपरावर माडाची सावली पडून पंधरा टक्के उत्पादन गेलं तर ५.५७ चे ६.५५ होतात, तेव्हा सकाळी नऊ आणि दुपारी चारला छपरावर चढून सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा.

वीज गेल्यावरच्या वेळेसाठी बॅटरी हा वेगळा हिशोब. १५ युनिटांची लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टरचा बदल मिळून चार लाख, आयुष्य दहा वर्षं. दहा टक्क्यांनी वार्षिक हप्ता ६५,०००. ती तुमच्या २,४०० पैकी १,६०० युनिट सांभाळेल असं धरलं तर हप्ताच युनिटला ४१ रुपये, त्यात भरण्याची वीज गळतीसकट साडेसहा. झाले ४७. डिझेलचे वाचणारे ३८. बॅटरी हरते. आणि पावसाळ्यात झाड तारांवर पडून सात-आठ तास वीज जाते तेव्हा आभाळही भरलेलं असतं, त्यामुळे सोलरवर बॅटरी पुन्हा भरत नाही. त्या दिवसांसाठी जनरेटर लागतोच.

पण एक जागा अशी आहे जिथे हा निकाल उलटू शकतो, आणि सरासरीत ती दिसत नाही. रात्री अकरानंतर तुमच्याकडे चालू असतं ते फ्रीज, वायफाय, पंखे आणि बाहेरचे दिवे, म्हणजे दीड किलोवॅट. एवढ्याशा भारासाठी २० किलोवॅटचं इंजिन तासाला दीड-पावणेदोन लिटर पितंच. दीड युनिटाला सुमारे १५० रुपयांचं डिझेल, म्हणजे युनिटला १०० रुपये. शिवाय कमी भारावर सतत चाललेल्या इंजिनात न जळलेलं डिझेल आणि काजळी साचते. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा चिकट ओघळ दिसला तर तेच समजा. या तासांसाठी पाच युनिटांची छोटी बॅटरी, इन्व्हर्टरसकट सव्वा लाखाची, दहा वर्षांच्या हप्त्याने वर्षाला २०,३०० ला पडते. तिचा एक तास डिझेल आणि तेल-फिल्टर मिळून सुमारे १८९ रुपये वाचवतो आणि भरायला १० रुपये घेतो. म्हणजे हप्ता सुटायला वर्षाला असे साधारण ११५ तास लागतात.

त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी जनरेटरच्या खोलीत एक वही टांगा. वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, आणि चेंजओव्हरनंतर पॅनलवरच्या मीटरवर दिसलेले किलोवॅट, एवढे तीनच रकाने. महिन्यातून एकदा टाकी काठोकाठ भरून जनरेटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा, आणि त्या दरम्यानचे युनिट भागिले लिटर काढा. माझे २.७ तिथे बदलून तुमचा आकडा घाला. चवथीपासून पुढचा पावसाळा संपेपर्यंत नोंद ठेवलीत की वर्षातले दीड-दोन किलोवॅटच्या आतले तास मोजा. ते ११५ च्या वर गेले तर छोटी बॅटरी घ्या, खाली राहिले तर रात्रीही जनरेटरच चालू द्या.